वांग उन्हाळ्यात परत का येतो, आणि उन्हाचे डाग तसे का वागत नाहीत

नाशिक भागात द्राक्षांची काढणी मार्च-एप्रिलमध्ये आटोपते आणि पाठोपाठ खरड छाटणी सुरू होते. ज्या मांडवाच्या सावलीत बायका एरवी काम करतात तो मांडव या छाटणीनंतर उघडा पडतो, आणि नेमके त्याच दिवसांत ऊन वर्षातले सर्वांत कडक असते. पुढच्या महिना-दीड महिन्यात निफाड-दिंडोरीकडून त्वचेच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या स्त्रियांची तक्रार बहुधा एकच असते: गालावरचा वांग दिवाळीपर्यंत जवळपास गेला होता, आता तो पहिल्यापेक्षा गडद होऊन आला आहे. याच दिवसांत मोबाइलवर ‘सात दिवसांत वांग गायब’ अशा चित्रफितींचाही पूर येतो. औषध वाया गेले, डॉक्टर चुकले किंवा क्रीम बनावट होती, असे निष्कर्ष मग आपोआप काढले जातात. बऱ्याचदा यांपैकी काहीच झालेले नसते. वांग, म्हणजे वैद्यकीय भाषेत मेलास्मा, हा मुळात परत येणाराच विकार आहे, आणि त्याच्यावर साध्या उन्हाच्या डागांचे उपचार केले तर तो बिघडतो. म्हणून आधी या दोहोंतला फरक पाहू.

एकाच उन्हाचे दोन वेगळे डाग

उन्हाचा साधा डाग हा वर्षानुवर्षांच्या उन्हाचा साचलेला परिणाम असतो. तो बहुतेक पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर दिसू लागतो. कानशिलावर, गालाच्या उंचवट्यावर, हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूवर, म्हणजे जिथे आयुष्यभर ऊन पडले तिथे, काही मिलिमीटरपासून एक-दोन सेंटिमीटरपर्यंतचे तपकिरी ठिपके उमटतात. त्यांची कड स्पष्ट असते, पेनाने आखून दाखवता येईल इतकी. उजव्या गालावर तीन असतील तर डाव्यावर एकही नसू शकतो. मुख्य म्हणजे हे डाग ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाहीत; जानेवारीत जसे असतात तसेच मेमध्ये असतात.

वांगाचे सगळे याच्या उलट आहे. तो साधारणपणे विशीनंतर आणि पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण बरेच जास्त असले तरी उन्हात काम करणाऱ्या पुरुषांनाही तो होतो. दोन्ही गाल, कपाळ, नाकाचा दांडा, वरचा ओठ आणि कधी हनुवटी किंवा जबड्याची कड, असा तो पसरतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा असतो. त्याची कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी असते आणि जवळून पाहिले तर ती आजूबाजूच्या त्वचेत विरत जाताना दिसते. त्याला खाज नसते, तो दुखत नाही आणि हाताला खरखरीत लागत नाही. पावसाळ्यात व थंडीत तो फिका पडतो आणि उन्हाळ्यात गडद होतो. ही ऋतूबरोबरची चढ-उतार घरच्या घरी ओळखता येणारी सर्वांत उपयोगी खूण आहे.

एकाच चेहऱ्यावर दोन्ही असू शकतात, आणि चाळिशी-पन्नाशीच्या मधल्या बायकांमध्ये तसे पुष्कळदा आढळते. शिवाय आपल्याकडे गालांवर व मानेवर लहान, किंचित उंच, काळसर ठिपके येतात. हाताला ते जाणवतात, ऋतूप्रमाणे बदलत नाहीत आणि बऱ्याच घराण्यांत आईकडून मुलीकडे चालत येतात. ते ना वांग असतात ना उन्हाचे डाग, आणि त्यांच्यावर वांगाची क्रीम महिनोन्‌महिने चोळून काहीही होत नाही.

त्वचेच्या आत काय बिघडलेले असते

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांना आपण रंगपेशी म्हणू. एकेक रंगपेशी आपल्या लांब फांद्यांतून आसपासच्या 30 ते 40 साध्या पेशींना रंगाचे कण पोहोचवते. उन्हापासून पेशींचे संरक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू, त्यामुळे रंग तयार होणे हा स्वतः आजार नव्हे.

उन्हाच्या साध्या डागात एवढ्याशा जागेतल्या पेशी कायमच्या बदललेल्या असतात आणि तेथे रंगपेशींची संख्या वाढलेली असते. बिघाड तेवढ्या ठिपक्यापुरता आणि वरच्या थरातच असल्याने तो भाग द्रव नायट्रोजनने गोठवून किंवा योग्य लेसरने काढला की डाग जातो, आणि पुढे ऊन टाळले तर त्याच जागी सहसा लवकर परत येत नाही.

वांगात रंगपेशींची संख्या फारशी वाढलेली नसते. असलेल्याच पेशी फुगलेल्या, अधिक फांद्यांच्या आणि अतिसंवेदनशील झालेल्या असतात. जेवढ्या उजेडाने शेजारच्या त्वचेत काहीच फरक पडत नाही तेवढ्यानेही त्या रंग ओतू लागतात. आणि बिघाड त्यांच्यापुरता थांबत नाही. वरचा थर आणि आतला थर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. वांगाच्या जागी तो ठिकठिकाणी विरलेला असतो, त्यामुळे रंगाचे काही कण खाली घसरून आतल्या थरात अडकतात, जिथे क्रीम नीट पोहोचत नाही. आतल्या थरात बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, दाहाशी संबंधित पेशींची गर्दी असते आणि त्वचेला ताण देणारे तंतू उन्हाने खराब झालेले असतात. या सगळ्या शेजाऱ्यांकडून रंगपेशींना ‘रंग बनवा’ असे रासायनिक निरोप सतत मिळत राहतात.

म्हणजे साधा डाग हा भिंतीवर पडलेल्या शाईच्या डागासारखा असतो, तो खरवडला की संपला. वांग ही भिंतीतली ओल आहे, जिच्यावर कितीही चांगला रंग लावला तरी वरची गच्ची गळत आहे तोवर ती पुढच्या पावसात पुन्हा फुटते.

ही अतिसंवेदनशीलता येते कुठून? घराण्यातला कल, बाळंतपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बदललेली संप्रेरके आणि ऊन, या तिघांच्या संगनमताने. बऱ्याच जणींमध्ये गरोदरपणात पहिल्यांदा वांग दिसतो, बाळंतपणानंतर काही महिन्यांत तो फिका पडतो, काहींमध्ये पूर्ण जातो आणि काहींमध्ये राहतो. यकृत बिघडल्याने किंवा रक्त ‘खराब’ झाल्याने वांग येतो ही समजूत फार पक्की आहे, पण तिला आधार नाही. केवळ वांगासाठी यकृताच्या तपासण्या किंवा रक्तशुद्धीची औषधे घेण्यात पैसे घालवू नयेत.

ऊन, उजेड आणि उष्णता ही तीन वेगळी कारणे आहेत

‘ऊन लागले म्हणून वांग आला’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन गोष्टी एकत्र झालेल्या असतात आणि प्रत्येकीचा बंदोबस्त वेगळा आहे. वांग वारंवार का परत येतो याचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अतिनील किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा एक प्रकार त्वचा भाजतो, तर दुसरा खोलवर जातो आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतो. नाशिकला एप्रिलच्या दुपारी आकाश निरभ्र असताना अतिनील निर्देशांक दहाच्या पुढे जातो, आणि जागतिक मोजपट्टीवर आठपासूनच ‘अतिशय जास्त’ ही पायरी सुरू होते. इथे थंडीही फसवते. निफाडचा पारा जानेवारीत एक अंकी आकड्यावर उतरलेला असतो, ऊन अंगाला गोड वाटते, म्हणून बायका सकाळी दहापासून उघड्या चेहऱ्याने बागेत उभ्या राहतात. हवा थंड असली तरी आकाश स्वच्छ असते आणि किरण येतच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा उजेड, त्यातही जांभळा-निळा भाग. रंगपेशींमध्ये या उजेडाची चाहूल घेणारे प्रथिन असते. गोऱ्या कातडीवर या उजेडाचा विशेष परिणाम होत नाही, पण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो गडद आणि दीर्घकाळ टिकणारा काळेपणा आणतो, हे प्रयोगांत दिसले आहे. बाजारातली बहुसंख्य पारदर्शक सनस्क्रीन अतिनील किरण अडवतात आणि हा उजेड मात्र जवळजवळ जसाच्या तसा आत सोडतात. त्यामुळे भारी क्रीम लावूनही वांग गडद झाला, तर त्यात क्रीम बनावट असल्याचा पुरावा नाही. मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्याची भीती मात्र अकारण आहे, कारण सूर्याच्या तुलनेत त्यांचा उजेड नगण्य असतो.

तिसरी गोष्ट उष्णता. ती उजेडाशिवायही काम करते, म्हणून चुलीपुढे भाकरी भाजणाऱ्या बाई, चिवड्याच्या भट्टीवरचा कामगार किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात तापलेल्या भट्टीजवळ उभा राहणारा माणूस दिवसभर छपराखाली असूनही वांगाची तक्रार घेऊन येतो. त्वचा तापली की आतल्या थरातल्या रक्तवाहिन्या फुलतात, दाहाच्या पेशी आपली रसायने सोडतात, आणि ज्या निरोपांनी रंगपेशी आधीच चेकाळलेल्या असतात तेच निरोप वाढतात. मधला विरलेला पडदाही उष्णतेने अधिक विरतो. अतिनील किरण आणि उजेड यांच्याइतका भक्कम पुरावा उष्णतेबद्दल जमलेला नाही, आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत तिघांचा वाटा वेगळा काढणेही अवघड आहे. तरीही भट्टीजवळच्या लोकांचा अनुभव आणि त्वचेतले बदल एकाच दिशेने बोट दाखवतात.

उष्णतेचा आणखी एक परिणाम आहे, आणि रोजच्या व्यवहारात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घाम येतो, घामाने सनस्क्रीन ओघळते, मग घाम टॉवेलने खसाखसा पुसला जातो. सकाळी आठला लावलेले संरक्षण दहा वाजता चेहऱ्यावर उरत नाही, आणि वर चोळण्याने त्वचेला दाह होतो तो वेगळाच. उन्हाळ्यात वांग परतण्याचे बरेच श्रेय या टॉवेलला द्यावे लागेल. लग्नसराईत पार्लरमध्ये वाफ घेणे, ब्लीच करणे आणि वरच्या ओठावर गरम वॅक्स लावणे हाही याच माळेतला मणी आहे.

‘मी सनस्क्रीन लावते, तरीही येतो’

या वाक्याची पडताळणी ट्यूबवरून करता येते. चेहरा आणि मान नीट झाकायला एका वेळी सुमारे दीड ग्रॅम सनस्क्रीन लागते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर पिळलेल्या दोन रेघा हा त्याचा ढोबळ अंदाज. दिवसातून दोनदा लावले तर रोज तीन ग्रॅम, म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब अडीच आठवड्यांत संपायला हवी. ती चार महिने पुरत असेल तर वेष्टनावरचा आकडा 50 असो वा 30, चेहऱ्याला त्याचा अल्पांशच मिळत आहे.

दुसरी पडताळणी वेष्टनावरची. ‘एसपीएफ’ हा आकडा फक्त त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांविषयी सांगतो, ‘पीए’पुढची अधिकची चिन्हे खोलवर जाणाऱ्या किरणांविषयी सांगतात, आणि साध्या उजेडाविषयी दोन्ही गप्प असतात. उजेड अडवायचा तर त्वचेच्या रंगाची झाक असलेले सनस्क्रीन लागते. ही झाक आयर्न ऑक्साइड या लोहाच्या रंगद्रव्यांची असते. घटकांच्या यादीत त्याचे नाव किंवा सीआय 77491, 77492, 77499 यांपैकी क्रमांक सापडतात. हायड्रोक्विनोन या डाग फिका करणाऱ्या औषधाबरोबर एका गटाला झाक असलेले आणि दुसऱ्याला साधे सनस्क्रीन देऊन केलेल्या चाचणीत झाक असलेल्या गटाचा वांग अधिक फिका झाला होता.

अशी ट्यूब अडीच आठवड्यांत संपवणे मजुरीवर जगणाऱ्या घराला परवडत नाही, हा आक्षेप अगदी रास्त आहे. मग क्रीम फक्त गाल, नाक, कपाळ आणि वरच्या ओठावर लावावे आणि उरलेले काम कापडाकडून करून घ्यावे. घट्ट विणीचा गडद सुती स्कार्फ उन्हासमोर धरून पाहावा. आरपार उजेड दिसत असेल तर तो वांगासाठी निरुपयोगी. दुचाकीवर चेहऱ्याला गुंडाळायचा पातळ जाळीदार स्कार्फ धुळीसाठी ठीक आहे, पण त्यातून उजेड येतो. स्कार्फवर सगळीकडून तीन इंच कड असलेली टोपी घातली तर कपाळ आणि गाल दोन्ही वाचतात. घाम पुसायचा तो टिपून, आणि त्यानंतर क्रीम पुन्हा लावायचे.

चेहरा असा झाकल्याने ड जीवनसत्त्व कमी पडेल का, असेही विचारले जाते. हात आणि पाय उघडे ठेवता येतात, आणि तपासणीत कमतरता निघालीच तर गोळी स्वस्त आहे. त्यासाठी वांग असलेला चेहरा उन्हात धरण्याचे कारण नाही.

मेडिकलमधली दोन आठवड्यांत गोरी करणारी क्रीम

वांगावरचे सर्वांत परिणामकारक मलम तीन औषधांचे असते. त्यातले हायड्रोक्विनोन रंग तयार होण्याची प्रक्रिया रोखते, ट्रेटिनॉइन जुन्या पेशी लवकर झडायला लावते आणि सौम्य स्टेरॉइड दाह शमवते. अशा मिश्रणाची कल्पना 1975 सालची आहे आणि ती आजही टिकून आहे, पण ती ठराविक आठवड्यांसाठी आहे.

आपल्याकडे गडबड अशी झाली की याच तिकडीत अधिक तीव्र स्टेरॉइड घालून बनवलेल्या क्रीम ‘गोरे होण्याच्या’ म्हणून कानोकानी पसरल्या. स्टेरॉइडने पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो, शेजारीण विचारते काय लावतेस, आणि ट्यूब पुढच्या घरी जाते. चार-सहा महिन्यांनी त्वचा पातळ होते, रक्ताच्या बारीक रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या व बारीक लव येते, आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. ऊन लागताच किंवा चुलीजवळ जाताच चेहरा आगीसारखा होणे ही त्याची ठळक खूण. तोवर खालचा वांग अधिक चिवट झालेला असतो, कारण पातळ झालेल्या त्वचेत रक्तवाहिन्या आणखी वाढलेल्या असतात. अशी क्रीम महिनोन्‌महिने लावली असेल तर ती एका दिवसात बंद न करता डॉक्टरांच्या सांगण्यानुसार उतरवत आणावी.

हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षे लावले तर काहींच्या त्वचेत निळसर-काळा रंग कायमचा बसतो, जो मूळ वांगापेक्षा वाईट दिसतो. गालाच्या हाडावर राखाडी-निळी, बारीक ठिपक्यांची छटा दिसू लागली की ते ताबडतोब थांबवायचे असते. लेबलावर घटकच छापलेले नाहीत अशा क्रीमच्या वाटेला जाऊ नये, कारण रंग उजळवणाऱ्या अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. लिंबू चोळून उन्हात जाणे हा घरगुती उपाय तर त्वचा भाजून नवे डाग आणतो.

एका वर्षाचे नियोजन कसे दिसते

समजा, निफाडजवळच्या एका गावातल्या 34 वर्षांच्या बाई आहेत. दुसऱ्या गरोदरपणात त्यांच्या गालांवर वांग आला, बाळंतपणानंतर अर्धा गेला. त्या बागेत मजुरीला जातात आणि संध्याकाळचा स्वयंपाक चुलीवर करतात. मागच्या वर्षी दिवाळीआधी तीन महिने तिकडीची क्रीम लावून चेहरा स्वच्छ झाला, मग सगळेच बंद केले. एप्रिलमध्ये फेलफूट काढायच्या कामाला गेल्या आणि मेमध्ये वांग हजर. आता त्या डॉक्टरांसमोर बसल्या आहेत.

आधी प्रश्न. गर्भनिरोधक गोळी चालू आहे का? असेल तर ती स्वतःहून न सोडता स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तांबीसारखा संप्रेरक नसलेला पर्याय घेता येईल का? पुन्हा मूल हवे आहे का? पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचा इतिहास स्वतःला किंवा घरात आहे का? आतापर्यंत काय काय लावले? यासाठी जुन्या ट्यूब पिशवीत घालून नेणे सर्वांत बरे. त्यानंतर भिंगाच्या दिव्याने तपासणी होते आणि एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढले जातात. सुधारणा इतकी हळू होते की रोज आरसा पाहणाऱ्याला ती कळत नाही, त्यामुळे हे फोटोच खरे साक्षीदार ठरतात.

पहिले दोन आठवडे औषध न देता फक्त सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि झाक असलेले सनस्क्रीन देणे मला शहाणपणाचे वाटते. त्वचा शांत होते आणि मुख्य म्हणजे सनस्क्रीनची सवय लागते की नाही हे कळते. ती लागली नाही तर पुढचे औषध पालथ्या घड्यावर पाणी. मग रात्री वाटाण्याएवढी तिकडीची क्रीम, फक्त डागांवर, आठ आठवडे, फार तर बारा. किंचित कोरडेपणा आणि लाली चालते. चरचर टिकली तर एक दिवसाआड. रंग फिका होताना दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

वांग जुना आणि हट्टी असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी दिली जाते. रक्तस्राव थांबवण्यासाठीचे हे जुने औषध वांगावर मात्र बरेच कमी, म्हणजे 250 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ असे, साधारण तीन महिने वापरतात. रंगपेशींना डिवचणारे निरोप आणि वाढलेल्या रक्तवाहिन्या या दोन्हींवर ते काम करते, म्हणून उष्णतेने भडकणाऱ्या वांगात त्याचा उपयोग दिसतो. पण रक्ताच्या गाठीचा, पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, गर्भनिरोधक गोळी चालू असेल किंवा बाई गरोदर असतील तर ते देत नाहीत. वरचे प्रश्न त्यासाठीच होते. गोळी थांबवल्यावर काही महिन्यांत बऱ्याच जणांचा वांग परततो, हेही आधीच सांगितले पाहिजे.

मागच्या वर्षी या बाईंचे जे चुकले ते यानंतरच्या टप्प्यात. ऑगस्टमध्ये चेहरा स्वच्छ झाला की उपचार संपत नाहीत, फक्त औषध बदलते. तिकडीची क्रीम बंद होते आणि तिच्या जागी 20 टक्के ॲझेलेइक ॲसिड दिवसातून दोनदा येते. ते हळू काम करते, सुरुवातीला थोडे चुणचुणते, पण महिनोन्‌महिने चालू ठेवता येते आणि गरोदरपणातही सुरक्षित मानले जाते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, विरळणीच्या दिवसांत आणि पुढे थंडीभर सनस्क्रीन आणि स्कार्फ सुटत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर, डाग दिसण्याची वाट न पाहता, डॉक्टर फोटो पुन्हा ताडून पाहतात आणि गरज असेल तर तिकडीची क्रीम आठवड्यातून दोन रात्री, काही आठवड्यांपुरती सुरू करतात. खरड छाटणीच्या काळात शक्य असेल तर काम पहाटे सुरू करून अकराच्या आत उरकायचे, आणि भाकरी भाजताना चुलीपासून चेहरा दूर राहील अशी बैठक करायची किंवा स्वयंपाक गॅसवर न्यायचा. एवढे सांभाळूनही मेमध्ये थोडी छाया दिसेल. मागच्या वर्षीच्या मेच्या फोटोशेजारी ती ठेवली की फरक समजतो.

लेसरने एकदाच काढून का टाकू नये?

कारण लेसरही उजेड आणि उष्णताच देतो. साध्या उन्हाच्या डागावर तो उत्तम चालतो. एक-दोन बैठकांत खपली धरून डाग पडून जातो. तोच जोर वांगावर लावला तर चेकाळलेल्या रंगपेशी आणखी भडकतात. सावळ्या त्वचेत त्या जागी महिनाभरात दुप्पट गडद डाग, किंवा उलट पांढरे ठिपके उमटण्याचा धोका खरा आहे. अगदी सौम्य मात्रेचे लेसर किंवा रासायनिक पील काही तज्ज्ञ मलमांच्या जोडीला वापरतात, तेही मलमे कमी पडल्यावर आणि शक्यतो थंडीत. ‘सहा बैठकांत कायमचा वांग बंद’ असे पॅकेज कुणी एप्रिलमध्ये विकत असेल तर पैसे देण्याआधी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

बारा आठवड्यांनंतरही फरक नसेल तर

सनस्क्रीन खरोखर ठरल्याप्रमाणे संपते आहे, औषध नियमित आहे, आणि तरीही फोटोंमध्ये काहीच बदल नाही, तेव्हा निदानाकडे परत जावे लागते. कपाळाच्या कडा आणि कानशिले मखमलीसारखी जाड व काळी झाली असतील आणि मानेवरही तसेच असेल तर ते वजन आणि साखरेशी जोडलेले असू शकते, तेव्हा रक्तातली साखर तपासावी. रंग तपकिरी नसून राखाडी-पाटीसारखा असेल, मान आणि कानामागेही पसरत असेल, तर केसांचा काळा रंग, अत्तर, सुगंधी तेल किंवा टिकली-कुंकवाची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी डॉक्टर संशयित वस्तूंची पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी करतात, किंवा त्वचेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा तपासायला पाठवतात. एकटाच डाग वाढत असेल, त्यात दोन-तीन रंग दिसत असतील, कड बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर त्याला बारा आठवडे देऊ नयेत. तो त्याच आठवड्यात दाखवावा.